पाचशेला झिरो बरोबर, तीनशेला चाळीस अंशांची चूक: बेरीज-वजाबाकीच्या ऑप-अँप कार्डाची तपासणी

आधी लक्षणं सांगतो. तुमच्या कार्डात यातलं एखादं दिसत असेल तर पुढचं वाचा.

भट्टी 500 अंशांना बरोबर चालते. सेटपॉइंट 300 वर आणला की स्वतंत्र इंडिकेटर 340 दाखवतो, आणि 700 लावलं की भट्टी 660 च्या पुढे चढत नाही. झिरोचा पॉट फिरवून 300 ला जमवलं की 500 बिघडतं. ऑपरेटर रोज सकाळी पॉट लावतो आणि जॉब बदलला की परत लावतो. कधी एका झोनची वायर निघते आणि दुसऱ्या झोनचं तापमानही चुकायला लागतं. कधी उन्हाळाभर ठीक चाललेलं कार्ड जुलैत दहा-बारा अंश सरकतं. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी माझ्याकडे येण्याआधी कोणीतरी ऑप-अँप बदललेला असतो आणि तरी फरक पडलेला नसतो.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांवर अशी जुनी अॅनालॉग कार्डं अजून आहेत. ती दुरुस्तीला उद्यमनगरात माझ्या टेबलावर येतात. मागच्या काही वर्षांत हाच दोष मी इतक्या वेळा काढला आहे की आता कार्ड उघडायच्या आधी मी एकच प्रश्न विचारतो: "मूळ कार्डात नसलेली एखादी वायर नंतर कोणी जोडली आहे का?" बहुतेक वेळा उत्तर हो असतं.

कार्ड करतं काय

एक खरं उदाहरण घेऊ. भट्टीत दोन झोन आहेत, मधला आणि दाराकडचा. दोन्हींचे ट्रान्समीटर 0 ते 10 व्होल्ट देतात आणि प्रत्येक व्होल्ट म्हणजे 100 अंश. सेटपॉइंटही त्याच मापात येतो. मधल्या झोनला दुप्पट वजन द्यायचं होतं, म्हणून डिझाइन करणाऱ्याने हे समीकरण ठेवलं:

```
Vo = 2·Va + 1·Vb − 3·Vs
```

`Va` मधला झोन, `Vb` दाराकडचा, `Vs` सेटपॉइंट. तिन्ही सारखे असतील तेव्हा आउटपुट शून्य. आउटपुट वजा गेलं की भट्टी थंड आहे आणि पुढचं सर्किट हीटर वाढवतं.

हे सगळं एकाच ऑप-अँपवर होतं. मायनस पिनवर फीडबॅकचा 100 किलोओहम आणि सेटपॉइंटचा 33.3 किलोओहम. प्लस पिनवर मधल्या झोनचा 50, दाराकडच्या झोनचा 100, आणि एक 100 किलोओहम ग्राउंडला. हा शेवटचा रेझिस्टर बघणाऱ्याला बिनकामाचा वाटतो. पुढचा सगळा घोळ त्याच्याभोवती आहे.

रेझिस्टर असमान असले की पुस्तकातलं सूत्र लांबलचक होतं, म्हणून मी ते पाठ करत नाही. मी सगळं 100 किलोओहमच्या तुकड्यांत मोजतो. 50 म्हणजे 100 चे दोन तुकडे समांतर. 33.3 म्हणजे तीन तुकडे समांतर. कित्येक कार्डांत ते प्रत्यक्षात तसेच लावलेले असतात, कारण एकाच रीळमधले 100 चे रेझिस्टर एकमेकांशी चांगले जुळतात. आता मोजा. प्लस पिनवर दोन, एक आणि ग्राउंडचा एक, म्हणजे चार तुकडे. मायनस पिनवर सेटपॉइंटचे तीन आणि फीडबॅकचा एक, म्हणजे तेही चार.

पिनवरचा व्होल्टेज म्हणजे तिथे येणाऱ्या सगळ्या तुकड्यांच्या टोकांची सरासरी. तिन्ही सिग्नल 5 व्होल्ट असताना प्लस पिनवर तीन तुकडे 5 वर आहेत आणि एक शून्यावर. 15 भागिले 4, म्हणजे 3.75 व्होल्ट. ऑप-अँप आउटपुट हलवून मायनस पिनही 3.75 वर आणतो. तिथे तीन तुकडे 5 वर आहेत, चौथा आउटपुटवर. चौघांची बेरीज 15 हवी आणि तीन तुकड्यांनीच 15 झाले, म्हणून आउटपुट शून्य. दोन सरासऱ्या काढायच्या आणि त्या सारख्या करायच्या, एवढंच गणित आहे. इनपुट दहा असले तरी रीत हीच.

नियमही यातूनच निघतो. दोन्ही पिनांवरचे तुकडे समान असतील तरच प्रत्येक इनपुटचा गेन म्हणजे त्याचे स्वतःचे तुकडे. ते समान नसले तर प्लस बाजूचे सगळे गेन एकाच पटीने बदलतात. मायनस बाजूचे मात्र जागेवर राहतात.

आता ती वाढीव वायर

या भट्टीवर कोणाला तरी दोन-चार अंशांचं बारीक अॅडजस्टमेंट हवं होतं. त्याने बायसचा पॉट लावला, त्याच्यामागे फॉलोअरही नीट दिला, आणि 100 किलोओहममधून तो मायनस पिनवर आणला. साध्या इन्व्हर्टिंग समरमध्ये हे अगदी बिनधोक आहे. तिथे प्लस पिन ग्राउंडला असते, मायनस पिन शून्यावर राहते आणि नवीन इनपुट जोडल्याने जुन्यांचे गेन हलत नाहीत. आपण सगळे तेच शिकलो आहोत, म्हणूनच ही चूक होते. इथे प्लस पिनवरही सिग्नल आहेत.

मायनसवर आता पाच तुकडे झाले, प्लसवर चारच. बायस शून्यावर ठेवून तिन्ही सिग्नल 5 व्होल्ट धरा. प्लस पिन 3.75 वरच आहे. मायनस पिन 3.75 वर यायला पाच तुकड्यांची बेरीज 18.75 हवी. सेटपॉइंटने 15 दिले, बायसने शून्य, म्हणून आउटपुट 3.75 व्होल्ट. शून्य यायला हवं होतं तिथे पावणेचार व्होल्ट. म्हणजे प्लसचे गेन सव्वापट झाले: मधला 2 ऐवजी 2.5, दाराकडचा 1 ऐवजी 1.25. सेटपॉइंटचा 3 तसाच राहिला.

जोडणाऱ्याने आउटपुट 3.75 बघून बायसही 3.75 पर्यंत फिरवला आणि 500 ला झिरो जमला. त्याला वाटलं पॉटचं काम झालं. पण चूक गेनमध्ये होती आणि त्याने ती एका ठराविक व्होल्टेजने झाकली. सेटपॉइंट 3 व्होल्ट केला की भट्टी तिथे थांबते जिथे 3.75 गुणिले तापमान बरोबर 9 अधिक 3.75, म्हणजे 3.4 व्होल्ट, म्हणजे 340 अंश. सेटपॉइंट 7 केला की 6.6, म्हणजे 660. वर दिलेली लक्षणं इथून येतात. 500 पासून जितकं दूर जाल, दर 100 अंशांना 20 अंशांची चूक.

तपासणी, फुकटच्यापासून सुरुवात

पहिली तपासणी वहीतली आहे आणि तिला एकही हत्यार लागत नाही. पॉटला हात न लावता तीन वेगळ्या सेटपॉइंटना भट्टी स्थिर होऊ द्या आणि स्वतंत्र इंडिकेटरवरचं खरं तापमान लिहून ठेवा. तिन्ही ठिकाणी चूक साधारण सारखी असेल, समजा सगळीकडे 6 अंश जास्त, तर तो ऑफसेट आहे आणि पॉटने जाईल. चूक सेटपॉइंटबरोबर सरळ रेषेत वाढत किंवा घटत असेल तर तो गेन आहे, आणि पॉट फिरवून तो कधीच जाणार नाही. हे आधी कळणं महत्त्वाचं, कारण इथून वाट फुटते आणि चुकीच्या वाटेवर माणसं महिनोन्‌महिने पॉट फिरवत बसतात. एका ऑपरेटरने मला सांगितलं होतं, "पाचशेला गप बसतंय बघा, तीनशेला आलं की उड्या मारतंय." त्याच्या त्या एका वाक्यात निदान होतं.

यापुढे पॅनेल उघडायचं आहे. हीटरचा मेन एमसीबी पाडा, काँटॅक्टर सुटला आहे याची मीटरने खात्री करा आणि फक्त कार्डाचा सप्लाय चालू ठेवा. ते एकाच पॉइंटवरून असतील आणि वेगळे करता येत नसतील तर कार्ड काढून टेबलावर घ्या. हीटर चालू असताना इनपुट वायर काढायची नाही. का ते खाली येईल.

दुसरी तपासणी मल्टीमीटरची, दोन मिनिटांची. सप्लाय अधिक 15 आणि वजा 15 आहे का बघा आणि तो कार्डाच्या सिग्नल ग्राउंडपासून मोजा, पॅनेलच्या पत्र्यापासून नाही. मग ऑप-अँपच्या दोन इनपुट पिना मोजा. त्या एकमेकींपासून काही मिलिव्होल्टच्या आत असतील आणि आउटपुट सप्लायच्या टोकाला चिकटलेलं नसेल, तर ऑप-अँप त्याचं काम करतो आहे. तो दोन सरासऱ्या सारख्या करून देतो, चूक सरासऱ्यांमध्ये आहे. चिप बदलायचा विचार इथेच बाजूला ठेवा. पिनांत शंभर-दोनशे मिलिव्होल्टचा फरक असेल तर एकतर आउटपुट टोकाला जाऊन अडकलं आहे किंवा चिप गेली आहे.

तिसरी तपासणी मला सगळ्यात जवळची आहे आणि तिचा खर्च एका पेन्सिल सेलचा. ट्रान्समीटरच्या आणि सेटपॉइंटच्या वायरी कार्डाकडून सोडवा, त्यांच्यावर चिकटपट्टीने नावं लिहा. कार्डाचे तिन्ही इनपुट एकत्र करून सेलच्या प्लसला जोडा, सेलचा मायनस सिग्नल ग्राउंडला. नवीन सेल साधारण 1.6 व्होल्ट देतो, तोच आकडा धरू. बायसची वायर टर्मिनलवरून काढून ते टर्मिनल ग्राउंडला जोडा.

निरोगी कार्डावर आउटपुट शून्याजवळ यायला हवं, फार तर वीस-तीस मिलिव्होल्ट. आपल्या आजारी कार्डावर 1.2 व्होल्ट येतात. आता बायस टर्मिनल ग्राउंडवरून सोडा, मोकळं राहू द्या. आउटपुट झपकन शून्यावर येतं. पहिल्यांदा हे बघणारा चक्रावतो, कारण शून्य व्होल्ट देणारी वायर काढल्याने काही बदलायला नको असं वाटतं. पण मोकळी वायर म्हणजे तुकडा नाहीच, आणि ग्राउंडला जोडलेली वायर म्हणजे शून्यावर उभा असलेला तुकडा. मायनसवर पाचाचे चार झाले आणि तोल परत आला. इथवर आलात तर दोष सापडला, दुरुस्ती खाली आहे.

बायस मोकळा करूनही आउटपुट शून्य होत नसेल तर तो मोकळाच ठेवा आणि एकेक इनपुट वेगळा तपासा. सेल एका इनपुटवर द्या आणि उरलेले दोन ग्राउंडला जोडा. मोकळे सोडायचे नाहीत, कारण आत्ताच बघितलं तसं मोकळं आणि ग्राउंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या झोनला 3.2 व्होल्ट, दाराकडच्याला 1.6 आणि सेटपॉइंटला वजा 4.8 यायला हवेत. आलेल्या आकड्यांचा घाट बघा, तो कुठल्या बाजूला हात घालायचा ते सांगतो.

प्लसचे दोन्ही गेन एकाच पटीने चुकले आहेत पण सेटपॉइंट बरोबर आहे? मग मायनस पिनवर कुठून तरी जादा तुकडा आला आहे, किंवा प्लसचा ग्राउंडवाला रेझिस्टर बदलला आहे.

प्लसचा एक गेन कमी झाला आणि शेजारचा वाढला? मग प्लस बाजूचाच एक तुकडा सुटला आहे. मधल्या झोनच्या दोन 100 पैकी एकाचं सोल्डर सुटलं तर प्लसवर तीन तुकडे उरतात. मधल्याचा गेन 2 वरून 1.33 होतो आणि दाराकडचा 1 वरून 1.33 वर चढतो. सेलवर दोन्ही 2.13 व्होल्ट दाखवतात. दाराकडच्या झोनला कोणी हात लावलेला नसतो, तरी तो चुकतो. प्लस पिनवरचे इनपुट एकाच विहिरीवरच्या मोटांसारखे आहेत. एकाने पाणी सोडलं की दुसऱ्याच्या वाट्यात फरक पडतो.

सेटपॉइंट कमी आणि त्याच्याबरोबर प्लसचे दोन्हीही कमी, पण आपसांतलं दोनास-एक प्रमाण टिकून? मग सेटपॉइंटच्या तीन तुकड्यांपैकी एक गेला. गेन वजा 2, अधिक 1.5 आणि अधिक 0.75 होतात.

मी हे तीन घाट टेबलावरच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहेत. ओहममीटरने रेझिस्टर शोधत बसण्यापेक्षा याने लवकर कळतं, कारण सर्किटमध्ये बसलेल्या रेझिस्टरवर मीटर लावला की तो बाकीच्या समांतर वाटाही मोजतो आणि आकडा फसवतो. ज्याच्यावर संशय आहे त्याचा एक पाय उचलून मगच मोजा.

चौथी तपासणी सेटपॉइंटच्या पॉटची. वाढीव वायर नाही, तुकडे बरोबर आहेत, तरी भट्टी मधल्या तापमानांना आठ-नऊ अंश कमी चालते आणि दोन्ही टोकांजवळ बरोबर. असं असेल तर पॉटचा मधला पाय थेट रेझिस्टरला गेला आहे का बघा. 10 किलोओहमचा पॉट बरोबर मध्यावर असताना मधल्या पायातून 2.5 किलोओहमचा वाटतो. ते 33.3 मध्ये मिळून जवळपास 35.8 होतात. सेटपॉइंटचा गेन 2.79 वर येतो, तोलही थोडा ढळतो आणि 500 लावलेली भट्टी 491 ला थांबते. पॉट टोकाकडे नेला की हे 2.5 किलोओहम नाहीसे होत जातात, म्हणून चूक फक्त मध्यभागी दिसते. तपासायला सोपं आहे: पॉटचा मधला पाय कार्डाला जोडलेला असताना मोजा आणि वायर सोडून मोजा, दोन्ही झोन 5 व्होल्टवर असताना. 4.91 आणि 5.00 असा फरक दिसला तर मध्ये व्होल्टेज फॉलोअर हवा. त्याच कार्डावर ऑप-अँपचा एखादा मोकळा भाग असतोच, तो वापरा.

पाचवी तपासणी पावसाळ्यातली. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा ओली, आणि फाउंड्रीच्या शेडमध्ये काळी धूळ, तिच्यात कार्बन. ती प्लस पिनच्या ट्रॅकवर बसली आणि दमट झाली की ग्राउंडकडे गळती होते. ही गळती 1 मेगाओहम एवढी जरी असली तरी तो तुकड्याचा दहावा भाग झाला: प्लसवर 4 ऐवजी 4.1. 500 ची भट्टी 512 वर जाते. हेअर ड्रायरने कार्ड हलकं गरम केल्यावर आउटपुट शून्याकडे सरकत असेल तर गळतीच समजा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिनांमधली जागा धुवा, पूर्ण वाळू द्या, परत सेल लावून बघा. फ्लक्सही तितकाच नडतो, म्हणून स्वतःच्या सोल्डरिंगनंतरही धुवा.

सहावी तपासणी रेझिस्टरच्या दर्जाची. जुना 1 टक्क्याचा मेटल फिल्म जळाला आणि जागेवर 5 टक्क्यांचा कार्बन आला असेल तर फीडबॅकमध्ये तेवढ्यानेच 500 अंशांना आउटपुट 0.19 व्होल्टपर्यंत सरकतं, म्हणजे सुमारे सहा अंश. रंगाच्या पट्ट्या बघा. टॉलरन्सची पट्टी सोनेरी असेल तर बदला.

ऑप-अँप सगळ्यात शेवटी. साध्या 741 चा ऑफसेट जास्तीत जास्त 6 मिलिव्होल्ट असतो. चार तुकड्यांच्या सर्किटात तो चारपट होऊन 24 मिलिव्होल्ट, भट्टीवर एक अंशही नाही. चाळीस अंशांची चूक चिप बदलून कशी जाईल? तरीही बदलायचीच असेल तर एक काळजी घ्या. 741 मध्ये ऑफसेटचा पॉट पिन 1 आणि 5 वर असतो आणि मधला पाय वजा सप्लायला. ओपी07 मध्ये तो पिन 1 आणि 8 वर आणि मधला पाय अधिक सप्लायला. जुन्या सॉकेटमध्ये ओपी07 बसवायचा तर आधी तो पॉट कार्डावरून काढा.

दुरुस्ती

वाढीव बायसच्या दोषावर इलाज एका रेझिस्टरचा आहे. मायनसवर पाच तुकडे झाले ना, मग प्लसवरही पाच करा. प्लस पिनपासून ग्राउंडला आणखी एक 100 किलोओहम, 1 टक्क्याचा, आधीच्याला समांतर. आता प्लस पिन 15 भागिले 5, म्हणजे 3 व्होल्टवर येते. मायनसची बेरीज 15 हवी, सेटपॉइंट 15 देतो, बायस शून्य, आउटपुट शून्य. गेन परत 2, 1 आणि वजा 3. बायसचा पॉट शून्यावर आणा आणि सेलची परीक्षा पुन्हा घ्या. मग बायस 0.1 व्होल्ट दिलात की भट्टी सगळीकडे सारखीच, तीन-साडेतीन अंश सरकेल. अॅडजस्टमेंट जोडणाऱ्याला हवं होतं ते हेच.

जागा नसेल तर याहून सुबक वाट आहे. प्लस पिनचा जो 100 किलोओहम ग्राउंडला जातो, तो खरं तर शून्य व्होल्टवर बांधलेलं इनपुटच आहे. त्याचं ग्राउंडकडचं टोक उचला आणि बायसच्या फॉलोअरचं आउटपुट तिथे द्या. मायनसवरचा वाढीव रेझिस्टर काढून टाका. तुकडे चार आणि चारच राहिले, बायसचा गेन बरोबर 1. फक्त दिशा उलटी होते, आधी वजा होत होता तो आता अधिक होतो, ते ऑपरेटरला सांगून ठेवा. इथे फॉलोअर न लावता पॉट थेट जोडलात तर चौथ्या तपासणीतला दोष तुम्ही स्वतःच तयार केलात.

तोल बरोबर ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. दोन्ही पिनांना समान समांतर रोध दिसतो आणि 741 सारख्या चिपच्या इनपुट बायस करंटमुळे होणारी चूक बरीचशी आपोआप कटते.

एका झोनचा ट्रान्समीटर दुरुस्तीला पाठवायचा असतो तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण इथे भट्टीतला माल जळतो. दाराकडची वायर मोकळी ठेवली तर प्लसवर तीन तुकडे उरतात, मधल्या झोनचा गेन 2.67 होतो आणि 500 ची भट्टी 562 वर जाऊन थांबते. सुरक्षित म्हणून कोणी ती ग्राउंडला जोडली तर त्याहून वाईट: कार्डाला वाटतं दाराकडे शून्य अंश आहेत, आणि मधला झोन 750 पर्यंत चढतो. हीटर चालू असताना वायर काढायची नाही ती याचमुळे. बरोबर पद्धत अशी की हीटर बंद करून मधल्या झोनचाच सिग्नल दाराकडच्या इनपुटलाही द्यायचा. मग तिन्ही तुकडे एकाच तापमानावर राहतात आणि 500 म्हणजे 500. दाराकडचा भाग थंड राहील, पण निदान मधला माल वाचेल.

इथे थांबा

कार्ड टेबलावर सेलवर शून्य देतं आणि भट्टीवर लावलं की चुकतं, असं असेल तर दोष कार्डात नाही. तो थर्मोकपल, कॉम्पेन्सेटिंग केबल, ट्रान्समीटर किंवा ग्राउंडमध्ये आहे. कॅलिब्रेटर असलेल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला बोलवा, मल्टीमीटरने तिथे नेम लागत नाही. शेजारची इंडक्शन फर्नेस सुरू झाली की आउटपुट नाचतं, हेही त्याच्याच हातचं काम आहे.

पॅनेलमध्ये 415 व्होल्टच्या बसबार उघड्या असतील, किंवा हीटरचा सप्लाय कार्डापासून वेगळा करता येत नसेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनशिवाय दार उघडू नका. ओव्हर-टेंपरेचरची स्वतंत्र लिमिट ट्रिप होत असेल तर ती बायपास करून तपासणी कधीही करायची नाही. ती का ट्रिप होते ते आधी शोधा, कार्ड नंतर. आणि भट्टीतून जाणारा माल ग्राहकाच्या तापमान-रेकॉर्डवर पास होत असेल तर दुरुस्तीनंतर कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडून किमान तीन तापमानांना तपासून घ्या. एका तापमानाला तपासलेलं कार्ड कसं फसवतं ते वर बघितलंच.

दुरुस्ती झाली की मी कार्डाच्या मागे मार्करने दोन आकडे लिहितो, "प्लस 5, मायनस 5". पुढच्या वेळी कोणी वायर वाढवायला आला तर त्याला आधी ते दिसतात.